एका पत्रकाच्या दोन बाजू, माहिती मात्र एकच

(कार्यकर्ता कार्यशाळेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



तुमच्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी चौकात, कॉलेजच्या दारात किंवा मोहल्ल्यात फिरून पत्रकं वाटली असतील. आज मी पत्रक तयार कसं करायचं याबद्दल बोलणार आहे. तेही एका विशिष्ट पत्रकाबद्दल, ज्याच्या एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी मजकूर असतो. आपल्याकडे असं पत्रक नेहमी लागतं, कारण एकाच घरात आई मराठी शाळेत शिकलेली असते आणि मुलगा इंग्रजी माध्यमात. एकच कागद दोघं वाचतात, पण वेगवेगळ्या बाजूनं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आम्ही मतदार नोंदणीचं शिबिर घेतलं. पत्रकाची मांडणी मी केली होती. नवीन मतदारासाठी नमुना ६, म्हणजे ज्याला आपण फॉर्म ६ म्हणतो तो भरावा लागतो. त्यासोबत वयाचा एक पुरावा आणि पत्त्याचा एक पुरावा द्यायचा असतो. इंग्रजी बाजूला हे नीट छापलं होतं. मराठीच्या मूळ मसुद्यात वाक्य होतं, ‘वयाचा आणि पत्त्याचा प्रत्येकी एक पुरावा सोबत आणावा.’ रात्री मांडणी करताना हे वाक्य एका शब्दानं खालच्या ओळीत गेलं आणि ती ओळ चौकटीबाहेर पडली. मी ‘प्रत्येकी’ काढलं. वाक्य झालं, ‘वयाचा आणि पत्त्याचा एक पुरावा सोबत आणावा.’ ओळ बसली. मी खूश झालो.

शिबिराच्या दिवशी शेजारच्या गावाहून एक मुलगी एसटीनं आली. हातात दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र. त्यावर जन्मतारीख होती, म्हणजे वयाचा पुरावा झाला. पत्त्याचा पुरावा नव्हता. मी म्हणालो, “ताई, पत्त्याचा कागद?” तिनं पत्रक उलटं करून माझ्यासमोर धरलं. “दादा, इथं तर एकच लिहिलंय.” खरंच एकच लिहिलं होतं. तिचं आधार कार्ड घरी होतं. ते आणलं असतं तर ते एकटंच दोन्हींसाठी चाललं असतं, कारण आधार दोन्ही याद्यांमध्ये आहे. तिनं पुढच्या आठवड्यात गावच्या बीएलओकडे अर्ज दिला, पण त्या रविवारची तिची मजुरी गेली. ती मी कापलेल्या एका शब्दामुळं गेली.

त्याच पत्रकात दुसरी चूकही होती. इंग्रजीत ‘ऑन ऑर बिफोर’ १ जानेवारी २०२४ असं होतं. म्हणजे त्या दिवशी १८ पूर्ण होत असतील तरी चालतं. मराठीत कुणीतरी ‘१ जानेवारी २०२४ च्या आत’ असं लिहिलं. ‘आत’ म्हटलं की आपण त्याआधी असं समजतो. १ जानेवारी २००६ ला जन्मलेल्या एका मुलाला त्याच्या आईनं मराठी बाजू वाचून सांगितलं, “तुझं बसत नाही, जाऊ नकोस.” इंग्रजी बाजूप्रमाणे तो पात्र होता.

या दोन्ही ठिकाणी भाषांतर करणारे लोक चांगले होते. मग चूक कुठं झाली? आम्ही आधी इंग्रजी मजकूर लिहिला, मग त्याचं मराठी केलं, मग मराठी जागेत बसवलं. मजकूर तीन हातांतून गेला आणि प्रत्येक हातानं आपल्या गरजेप्रमाणे थोडा बदलला. शेवटी दोन बाजूंची तुलना करायला आमच्याकडे काही मापच नव्हतं. म्हणून पुढच्या वेळी आम्ही पद्धत बदलली. ते पत्रक जुलै २०२४ मधलं. त्याचंच उदाहरण घेऊन सगळं सांगतो.

आधी तक्ता, मग मजकूर

पहिलं वाक्य लिहिण्याआधी आम्ही एक तक्ता केला. एका ओळीत एकच गोष्ट, आणि प्रत्येक ओळीला क्रमांक. भाषा सुंदर असायची गरज नाही, उलट ती कोरडी असलेली बरी. आमच्या तक्त्यात सात ओळी झाल्या:

१. काय: नवीन मतदारांसाठी नमुना ६ भरण्याचं शिबिर. शुल्क नाही.
२. केव्हा: २१ जुलै २०२४, रविवार, सकाळी १० ते दुपारी २.
३. कुठं: शाळेच्या दारावरच्या पाटीवर आहे तेच नाव, आणि जवळची एक खूण.
४. कोण: १ जुलै २०२४ रोजी वय १८ पूर्ण असलेले. त्या दिवशी पूर्ण होत असेल तरी चालेल. १७ पूर्ण असलेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो.
५. वयाचा पुरावा: यादीतला कोणताही एक.
६. पत्त्याचा पुरावा: यादीतला कोणताही एक. एकच कागद दोन्ही याद्यांत असेल तर तो एकटा पुरे.
७. चौकशी: 1950 आणि voters.eci.gov.in

दुसऱ्या ओळीत तारीख आणि वार दोन्ही लिहिले, ते मुद्दाम. २१ जुलै २०२४ ला रविवार आहे हे कॅलेंडरवर पाहूनच लिहिलं. तारीख चुकली तर वार जुळत नाही आणि चूक लगेच दिसते. ‘येत्या रविवारी’ हा शब्द मात्र तक्त्यात आणि पत्रकात कुठंही नको. पत्रक बुधवारी मिळालेल्याला तो एक रविवार असतो आणि सोमवारी मिळालेल्याला दुसरा.

तिसऱ्या ओळीवर आमचा वाद झाला होता. मोहल्ल्यात सगळे त्या शाळेला ‘मोठी शाळा’ म्हणतात. पाटीवर नाव वेगळं. मराठीत बोलीतलं नाव आणि इंग्रजीत पाटीवरचं नाव लिहिलं असतं, तर बाहेरून आलेल्याला वाटलं असतं की दोन ठिकाणी शिबिर आहे. शेवटी दोन्ही बाजूंना पाटीवरचं नाव आणि दोन्ही बाजूंना तीच एक खूण दिली.

चौथ्या, पाचव्या, सहाव्या ओळींची माहिती आम्ही कुणाच्या आठवणीतून घेतली नाही. नमुना ६ मराठी आणि इंग्रजी दोन्हींत मिळतो. दोन्ही नमुने समोर ठेवून ओळी भरल्या. याचा दुहेरी फायदा झाला. माहिती पक्की मिळाली आणि शब्दही मिळाले. उदाहरणार्थ, ज्या तारखेला वय मोजतात तिला मराठीत ‘अर्हता दिनांक’ म्हणतात. २०२२ पासून वर्षात अशा चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. पत्रकावर आम्ही ‘अर्हता दिनांक’ हा शब्द छापला नाही, कारण फुफीला तो कळला नसता. पण तो कशाचा आहे हे आम्हाला ठाऊक असल्यामुळं सोपं वाक्य चुकलं नाही.

मग दोन जणांनी मजकूर लिहिला. एकीनं तक्त्यावरून मराठी, एकानं तक्त्यावरून इंग्रजी. कुणीही दुसऱ्याचं भाषांतर केलं नाही. दोन्ही मजकूर आपापल्या भाषेसारखे वाचता येत होते, आणि दोन्हीकडे एक ते सात हे क्रमांक त्याच क्रमानं होते. वाक्यं वेगळी असली तरी चालतं. क्रमांक वेगळे असले तर चालत नाही.

छोटे शब्द

माहिती बिघडते ती बहुतेक वेळा छोट्या शब्दांत. मोठे शब्द सगळेच तपासतात. ‘मतदार’ चुकला तर कुणीतरी ओरडतंच. ‘किंवा’, ‘प्रत्येकी’, ‘पर्यंत’, ‘आत’, ‘फक्त’ हे शब्द मात्र डोळ्यांखालून निसटतात. मी आता मजकूर हाती आला की आधी हेच शब्द दोन्ही भाषांत पेन्सिलनं गोल करतो आणि समोरासमोर ठेवतो.

यातला सगळ्यात फसवा म्हणजे स्वल्पविराम. ‘जन्मदाखला, आधार, पॅन’ असं लिहिलं तर तिन्ही आणायचे की एक? लिहिणाऱ्याला उत्तर माहीत असतं, म्हणून त्याला शंका येत नाही. आम्ही दोन्ही बाजूंना यादीच्या डोक्यावर ‘यांपैकी कोणताही एक’ असं लिहिलं आणि प्रत्येक कागद वेगळ्या ओळीवर घेतला. स्वल्पविरामच राहिला नाही.

‘पर्यंत’ हा शब्दही जपून वापरा. ‘१ जुलैपर्यंत’ म्हणताना एक तारीख धरली की नाही, यावर तुम्ही इथंच दोन गट पाडाल. आम्ही लिहिलं, ‘जन्म १ जुलै २००६ रोजी किंवा त्याआधीचा असेल तर’. वयाऐवजी जन्मतारीखच दिली. त्यामुळं वाचणाऱ्याला हिशेबच करावा लागत नाही, आणि इंग्रजीतही नेमकं तेच वाक्य येतं.

जागेचा हिशेब

आता मांडणीकडे येतो, कारण माझी पहिली चूक तिथंच झाली होती. आमचं पत्रक ए-५ मापाचं होतं, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. चारी बाजूंना समास आणि वर मथळा सोडला की मजकुरासाठी साधारण १३० मिलिमीटर उंची उरते. इंग्रजी अक्षरं साडेदहा पॉइंटची आणि ओळींमधलं अंतर १४ पॉइंट धरलं तर एक ओळ पाच मिलिमीटरच्या जरा आत बसते. त्या उंचीत २६ ओळी मावतात.

मराठीचं तसं नाही. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार लागतो आणि खाली उकार. म्हणून त्याच पॉइंटमध्ये मराठी अक्षराचा मुख्य भाग लहान दिसतो, आणि ओळींमध्ये जागाही जास्त लागते. आम्ही साडेअकरा पॉइंट अक्षर आणि १७ पॉइंट अंतर घेतलं. एक ओळ सहा मिलिमीटरची झाली. त्याच १३० मिलिमीटरमध्ये मराठीच्या फक्त २१ ओळी बसल्या.

म्हणजे इंग्रजीपेक्षा पाच ओळी कमी. आणि आपण नेहमी काय करतो? आधी इंग्रजी बाजू सुंदर सजवतो आणि मग मराठी त्या साच्यात कोंबतो. अर्थातच ती बसत नाही, आणि मग काही तरी कापलं जातं. आता आम्ही उलटं करतो. आधी मराठी बाजू बसवतो. ती बसली की इंग्रजी बसतेच, थोडी मोकळी राहते एवढंच. मोकळी जागा भरायला इंग्रजीत एखादी जास्तीची माहिती घालायचा मोह होतो. तो टाळा. तिथंच दोन बाजू वेगळ्या व्हायला लागतात.

आमचा मराठी मसुदा २४ ओळींचा झाला होता. तीन ओळी जास्त. पहिला विचार आला तो ओळींमधलं अंतर १४ पॉइंटवर आणायचा. करून पाहिलं. वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर आणि वेलांटीवर चढला. दुसरा विचार अक्षर लहान करायचा. पण पत्रक वाचणाऱ्यांत चष्मा घरी विसरून आलेले लोक असतात, त्यांनी काय करायचं? दोन्ही उपाय सोडले.

मग शब्द कापले. मसुद्यात वाक्य होतं, ‘सदर शिबिरामध्ये सहभागी होऊ इच्छिणाऱ्या नागरिकांनी येताना पुढील कागदपत्रे सोबत आणावीत.’ त्याचं झालं, ‘सोबत आणा’. अर्थ तोच, दीड ओळ वाचली. ‘मतदान केंद्रस्तरीय अधिकारी’ हे नाव चिंचोळ्या ओळीत तुटत नाही आणि उरलेली ओळ रिकामी राहते. त्याजागी ‘बीएलओ’ घेतलं, लोकही तेच म्हणतात. सरकारी थाटाचे शब्द गेले की मराठी आटोपशीर होते. ‘मराठी नेहमी लांब होते’ अशी तक्रार येते, तेव्हा बहुतेक वेळा ‘सदर’, ‘सदरहू’, ‘करण्यात येत आहे’ हेच ओळी खात असतात.

तरीही एक ओळ उरली. तेव्हा माहिती कापायची वेळ आली. पत्त्याच्या पुराव्यांची यादी मोठी आहे: पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, बँक किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, जमिनीची महसुली कागदपत्रं, नोंदणी केलेला भाडेकरार, नोंदणी केलेलं खरेदीखत. ही सगळी छापणं शक्य नव्हतं. आम्ही तक्त्याकडे गेलो. सहाव्या ओळीत आमच्या भागात लोकांकडे सहसा असतात ते चार पुरावे ठेवले आणि पुढं लिहिलं, ‘इतर पुरावेही चालतात, यादीसाठी 1950’. हा बदल आधी तक्त्यात झाला, मग दोन्ही बाजूंना. इंग्रजीत सातही पुराव्यांना जागा होती, तरी तिथं तेच चार ठेवले. कुणाकडे फक्त भाडेकरार असेल, तर इंग्रजी वाचणाऱ्याला ‘चालतो’ कळावं आणि मराठी वाचणाऱ्याला कळू नये, हे आम्हाला नको होतं.

म्हणजे नियम असा: शब्द कापायचे असतील तर ज्या बाजूला जागा नाही तिथं कापा. माहिती कापायची असेल तर दोन्ही बाजूंना कापा.

छापखान्याच्या दारात

मांडणी झाली म्हणजे काम संपलं असं नाही. मराठी मजकूर संगणकावर मोडतो. इनडिझाइन वापरत असाल तर परिच्छेदासाठी `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडावा लागतो. नाहीतर जोडाक्षरं सुटी पडतात आणि पहिली वेलांटी भलत्या जागी जाते. तपासायला मी एकच शब्द शोधतो, ‘किंवा’. वेलांटी क च्या मागं पडलेली दिसली की समजायचं, सगळा मजकूर मोडलाय. आणि गंमत म्हणजे हाच शब्द माहितीच्या दृष्टीनंही नाजूक आहे.

दुसरा धोका असा की, काही छापखान्यांत युनिकोड नसलेले जुने फॉन्ट वापरतात. आपला मजकूर त्यात बदलून घेताना काही अक्षरं गळतात. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरं आणि आकडे टाइप केले तर त्या जागी देवनागरी चिन्हं उमटतात, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याचा पार चुथडा होतो. म्हणून छापखान्याला आम्ही मजकूर देत नाही, फॉन्ट आत बसवलेली पीडीएफ देतो. जे लोकांना मोबाइलवर टाइप करायचं आहे, म्हणजे 1950 आणि संकेतस्थळ, ते दोन्ही बाजूंना इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच ठेवतो. इंग्रजी माध्यमातला मुलगा देवनागरी ४ ला आठ समजतो, हे मी घरीच पाहिलं आहे.

आता शेवटची तपासणी. मजकूर लिहिणाऱ्यांनी ती करू नये, कारण त्यांना काय असायला हवं ते दिसतं, काय छापलंय ते दिसत नाही. आम्ही दोन जणांना बसवलं. माझ्या फुफीला फक्त मराठी बाजूची प्रत दिली आणि इंग्रजी माध्यमात शिकलेल्या माझ्या चुलतभावाला फक्त इंग्रजी. तक्ता दोघांनाही दाखवला नाही. मग तेच प्रश्न दोघांना विचारले. माझा जन्म १ जुलै २००६ चा आहे, मी येऊ का? माझा २ जुलैचा आहे, मी येऊ का? माझ्याकडे फक्त आधार आहे, चालेल का? माझ्याकडे फक्त दहावीचं प्रमाणपत्र आहे, चालेल का? सव्वादोनला पोहोचलो तर?

दोन जुलैच्या प्रश्नावर फुफी म्हणाली, “नाही, तो एका दिवसानं राहिला.” भाऊ म्हणाला, “येऊ शकतो, आगाऊ अर्ज करता येतो.” उत्तरं वेगळी आली, म्हणजे कुठंतरी गडबड होती. बरोबर उत्तर भावाचं होतं. २ जुलैला जन्मलेल्याचं नाव १ ऑक्टोबरच्या तारखेनुसार येतं, पण अर्ज आजच देता येतो. ‘१७ पूर्ण असलेल्यांना आगाऊ अर्ज’ हे वाक्य मराठीतही छापलेलं होतं, पण ते पुढच्या परिच्छेदात, कागदपत्रांच्या खाली गेलं होतं. फुफी तिथवर पोहोचण्याआधीच उत्तर देऊन मोकळी झाली. वाक्य उचलून चौथ्या क्रमांकाखाली आणलं आणि पुन्हा विचारलं. या वेळी दोघांचं उत्तर एकच आलं. यावरून मला कळलं की माहिती फक्त दोन्हीकडे असून भागत नाही, ती दोन्हीकडे त्याच जागी असावी लागते.

एक शेवटची गोष्ट सांगून थांबतो. सगळं झालं, पीडीएफ तयार झाली, आणि रात्री अकराला फोन आला. शाळेचा हॉल दोनऐवजी एकपर्यंतच मिळणार. अशा वेळी आपण थेट फाइल उघडतो, समोर दिसेल ती बाजू दुरुस्त करतो आणि झोपतो. दुसरी बाजू तशीच राहते. त्या रात्री मी आधी तक्ता उघडला. दुसऱ्या ओळीत २ चा १ केला. मग मराठी बाजू बदलली आणि तक्त्यात तिच्यापुढं खूण केली. मग इंग्रजी बाजू बदलली आणि दुसरी खूण केली. दोन्ही बाजूंच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘आवृत्ती २’ लिहिलं, म्हणजे जुनी प्रत कुणाकडे राहिली तर ती ओळखता येईल. या सगळ्याला दहा मिनिटं लागली.

रविवारी एक वाजता आम्ही दार बंद केलं. त्यानंतर इंग्रजी बाजू हातात धरून कुणी दोन वाजता येतंय का, हे पाहायला मी सव्वादोनपर्यंत फाटकाशी उभा होतो. कुणी आलं नाही.